साकवाच्या पलीकडची इंदू : अपुऱ्या पत्त्याच्या एका पत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण साधारण पंधरा वर्षांपूर्वीचं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातलं. मी तेव्हा तालुक्याच्या उपडाकघरात पोस्टमास्तर होतो आणि ते गाव आमच्या हाताखालच्या शाखा डाकघरात येत होतं. गावाचं नाव देत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. ज्या दोन-तीन गोष्टींवर सगळा उलगडा झाला, त्या मात्र जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत.

शाखा डाकघर म्हणजे ब्रँच पोस्टमास्तरांच्या घराची पुढची पडवी. एक टेबल, एक पत्र्याची पेटी, तारखेचा शिक्का आणि शाई. आमच्याकडून सकाळच्या एसटीने थैली जायची ती अकराच्या सुमारास पोचायची. पोस्टमन म्हणजे कागदोपत्री ग्रामीण डाक सेवक. थैली फुटली की तो पत्रांवर मागच्या बाजूला शिक्का मारायचा, वाडीवार लावायचा आणि निघायचा. गावात अकरा वाड्या, त्या डोंगरउतारावर पसरलेल्या, आणि मधून एक पऱ्या खाडीला जाऊन मिळतो. सायकल निम्म्या गावापुरतीच चालते, पुढे पाखाडीने पायी जावं लागतं. हा पोस्टमन त्याच गावात जन्मलेला, तेव्हा चाळिशीचा, आणि या कामावर त्याला चौदा वर्षं झाली होती.

कोकणातलं गाव बाहेरच्याला वाटतं त्याहून अवघड असतं. एका वाडीत वीस घरं असतील तर वीसही घरांचं आडनाव एकच. घरांना नंबर असतात, पण ते ग्रामपंचायतीच्या घरपट्टीपुरते, कुणाच्या तोंडी नाहीत. निम्मी घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, एरवी कुलूप. त्यामुळे नेहमीच्या पत्रावरही आडनावापेक्षा वाडीचं नाव पोस्टमनला जास्त कामाचं असतं.

अडचण

गणपती होऊन पंधरा दिवस झाले असतील. सोमवारच्या थैलीत पाच रुपयांचं तिकीट लावलेलं एक साधं पाकीट आलं. निळ्या शाईने, थरथरत्या पण वळणदार मोडणीच्या अक्षरात एवढंच लिहिलेलं :

इंदू
भाताच्या गिरणीमागं, साकवाच्या पलीकडे,
पायरी आंब्याचं घर,
मु. पो. (गावाचं नाव), जि. रत्नागिरी

आडनाव नाही, वाडी नाही, तालुका नाही, पिनकोड नाही. मागे पाठवणाऱ्याचा पत्ताही नाही. टपालात पडल्या ठिकाणचा शिक्का अर्धा उमटलेला, त्यातली शेवटची अक्षरं तेवढी वाचता येत होती : ‘वली’. मुंबईकडच्या माणसाला लगेच कळेल की याचा उपयोग किती. डोंबिवली, बोरिवली, कांदिवली, तिन्हींत तेच.

पाकीट सरळ आमच्याकडे आलंही नव्हतं. जिल्ह्यात त्या नावाची दोन गावं आहेत. छाननी करणाऱ्याने तालुका नसल्यामुळे मोठ्या गावाकडे रवाना केलं, तिथे चार दिवस पडून राहिलं, मग तिथल्या पोस्टमनने लाल पेनने आमच्या तालुक्याचं नाव घालून ‘इकडे पाहा’ असा शेरा मारला. नेमका हाच घोळ टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड आला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातलेच. पण पिनकोडची धाव कुठपर्यंत, हेही इथे सांगायला हवं. सहा आकड्यांतले शेवटचे तीन पत्र वाटप करणाऱ्या कचेरीपर्यंत नेतात, आणि आमच्याकडे एका उपडाकघराखालच्या सगळ्या शाखांना तोच पिन. म्हणजे पिन असता तर पाकिटाचे आठ दिवस वाचले असते, पण इंदू सापडली नसती. तिचं घर शोधणं शेवटी त्या पडवीतल्या माणसाकडेच येणार होतं.

पोस्टमनने मनाशी मोजणी केली. गावात त्याला माहीत असलेल्या इंदू तीन. एक अंगणवाडीत मदतनीस, तिशीची. एक सातवीतली मुलगी. आणि एक सत्तरीच्या इंदुमती आजी.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांत सोपा आणि नियमाला धरून होता : ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारायचा, तारीख घालून सही करायची आणि दुसऱ्या दिवशीच्या थैलीत परत. पाठवणाऱ्याचा पत्ता नसल्यामुळे ते पाकीट त्याच्याकडे जाणार नव्हतं, ते परत-पत्र कार्यालयात गेलं असतं. पूर्वी याला डेड लेटर ऑफिस म्हणत, आम्ही आरएलओ म्हणतो. बंद पत्र उघडून आत पाठवणाऱ्याचा पत्ता आहे का हे पाहण्याचा अधिकार फक्त तिथल्या माणसांना असतो. ना पोस्टमनला, ना मला. पत्ता सापडला तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं. नाही सापडला तर प्रवास तिथेच संपतो.

दुसरा पर्याय पुष्कळ गावांत सर्रास वापरला जातो : रेशन दुकानात किंवा देवळात, चार माणसं जमली असताना पाकीट वर धरून विचारायचं, ‘ही इंदू कोण?’ पंधरा मिनिटांत उत्तर मिळण्याचा संभव खरा. पण नुसत्या ‘इंदू’ नावाने, आडनाव न घालता, एका बाईला पत्र आलंय ही बातमी संध्याकाळपर्यंत अकराही वाड्यांत पोचते. पत्र कुणाचं आणि कशाबद्दल, हे पोस्टमनला माहीत नसतं. म्हणूनच त्याने ते चारचौघांत नाचवायचं नसतं. या पोस्टमनने हा पर्याय पहिल्याच दिवशी बाजूला टाकला, आणि मला वाटतं सबंध प्रकरणातला त्याचा सगळ्यांत चांगला निर्णय तोच.

तिसरा पर्याय म्हणजे वर्णनाशी जुळणारी इंदू निवडून तिला पत्र देणं. चौथा, नाव सोडून आधी जागा शोधणं. तो चौथ्यापर्यंत पोचला, पण तिसऱ्यातून ठेच खाऊन.

काय केलं : पहिली चूक

मंगळवारी त्याने वर्णन आजच्या गावावर ठेवून पाहिलं. पऱ्यावरचा लाकडी साकव जाऊन तिथे सिमेंटचा पूल झाल्याला बरीच वर्षं झाली होती, पण गाव त्या जागेला अजून साकवच म्हणतं. एसटीचा थांबा, शाळा, शाखा डाकघर हे सगळं पऱ्याच्या पूर्वेला. म्हणजे पलीकडे ती पश्चिमेची, खाडीकडची बाजू. त्या बाजूला गिरणी आहे. गिरणीच्या मागे इंदुमती आजींचं घर आहे. घराच्या खळ्यात आंबा आहे. नाव, गिरणी, पलीकडे, आंबा : चार गोष्टी जुळल्या. त्याने पत्र दिलं. साध्या पत्राला सही घ्यायची नसते. तो पुढच्या घराकडे वळला.

आता पाकिटावरचे शब्द पुन्हा वाचा. गिरणी ‘भाताची’ लिहिली आहे. पूर्वेच्या घरांतून आजही दळण जातं ती पश्चिमेची गिरणी पिठाची, विजेवर चालणारी. भाताची गिरणी म्हणजे हलर, भात सडून तांदूळ काढणारी. आंबा ‘पायरी’ लिहिला आहे, आणि आजींच्या खळ्यातला रायवळ. कोकणातला माणूस पत्त्यात आंब्याची जात लिहितो तेव्हा ती शोभेला लिहीत नाही. पोस्टमनने मला नंतर सांगितलं, ‘साहेब, मी गिरणी वाचलं, भाताची वाचलंच नाही.’ जुळणाऱ्या गोष्टी मोजताना न जुळणाऱ्या डोळ्यांआड होतात. हे माझंही टेबलावर बसून कितीदा झालंय.

बुधवारी आजींची नात पाकीट घेऊन पाखाडीवर त्याची वाट बघत उभी. आजींना वाचता येत नसल्याने तिने फोडून वाचायला घेतलं होतं. ‘काका, हे आमचं नाय. यात दादा म्हणून लिवलंय, आजीला भाऊच नाय. आणि पुढं लिवलंय की...’

इथे त्याने तिला थांबवलं. ‘पुढचं मला सांगू नको. घरीही कुणाला सांगू नको.’

पुढचं ऐकलं असतं तर कदाचित काम त्याच दिवशी झालं असतं. आमच्या एका बैठकीत मी हे प्रकरण सांगितलं तेव्हा दोघातिघांचं म्हणणं पडलं की ऐकायला हरकत नव्हती, शेवटी ज्याचं पत्र त्यालाच पोचवायचं होतं. मला ते पटत नाही. चुकून फुटलेलं पत्र फुटलं म्हणून खुलं होत नाही. जे कानावर पडलं ते पडलं, ‘दादा’ हा शब्द त्याला विसरता येणार नव्हता आणि पुढे तो उपयोगीही पडला. पण विचारून मिळवणं ही वेगळी गोष्ट. त्याने पाकीट ब्रँच पोस्टमास्तरांकडे नेलं. त्यांनी ते चिकटवून त्यावर ‘चुकून उघडले’ असा शेरा मारला आणि मुलीच्या वडिलांची सही घेतली.

काय केलं : जागेचा शोध

आता त्याने नाव बाजूला ठेवलं. गावात भाताची गिरणी कुठे आहे? कुठेच नाही. मग होती कुठे? ब्रँच पोस्टमास्तर शेजारच्या तालुक्यातले, त्यांना ठाऊक नाही. पोस्टमन स्वतः लहान असताना भात सडायला डोक्यावरून पलीकडच्या गावी नेत. म्हणजे गिरणी होती तर ती त्याला कळायला लागायच्या आधीच बंद पडलेली. आणि ज्याच्या डोक्यात ती अजून चालू आहे, त्याने गाव तेव्हाच सोडलेलं असणार. साकवाचंही तेच. पत्र लिहिणाऱ्याचं गाव किमान चाळीस वर्षांपूर्वीचं होतं.

इतकं लक्षात आल्यावर कुणाला विचारायचं हेही ठरलं. तरुणांना विचारून काही हाती लागणार नव्हतं. खाडीकाठी एक म्हातारे खारवी राहत. रस्ता नव्हता तेव्हा तरीवर होडी चालवायचे. गाव त्यांना तात्या म्हणतं. गुरुवारी वाटप संपवून पोस्टमन त्यांच्याकडे गेला. पाकीट पिशवीतच ठेवलं. बाईचं नाव घेतलं नाही.

‘तात्या, साकवाच्या पलीकडं भाताची गिरणी होती का कधी?’

‘होती ना. इंजनाची. टुकटुक वाजायची, इथवर ऐकू यायची.’

‘इथवर? म्हणजे या बाजूला नव्हती?’

‘या बाजूला कशी असंल? पलीकडं म्हटलंस ना?’

‘अहो, पलीकडं म्हणजे ही बाजू ना?’

म्हातारा हसला असावा. पोस्टमन सांगताना स्वतःच हसत होता. ‘कुणाच्या पलीकडं? तू यष्टीतनं उतरतोस म्हणून तुला ही बाजू पलीकडं. तेव्हा यष्टी होती कुठं? मुंबईहून माणूस बोटीनं यायचा, खाडीतनं होडीत बसून माझ्या तरीवर उतरायचा. त्याला ही बाजू अलीकडं. साकव वलांडून वर गेला की पलीकडं.’

सगळी गोम इथे होती. गाव तेच, पऱ्या तोच, साकवाची जागाही तीच, पण गावात शिरण्याचं तोंड बदललं होतं. बंदर मागे पडलं आणि रस्ता वरच्या अंगाने आला, तेव्हा अलीकडे आणि पलीकडे यांनी जागा बदलल्या. पोस्टमन चार दिवस पऱ्याच्या चुकीच्या काठावर होता.

हलर कुठे होता याचंही उत्तर तात्यांनीच दिलं. रस्ता आला तेव्हा गिरणीची पडकी भिंत पाडली, आणि आज एसटीची निवारा शेड आहे ती त्याच जागेवर. शेडच्या मागे गडगा आहे, त्याच्या आत नुसतं जोतं उरलंय, वर घाणेरी माजलेली. कडेला एक जुनं कलम. पोस्टमन त्याच कलमाखाली सायकल लावून रोज थैलीची वाट बघायचा. जात विचारायची गरजच नव्हती, त्या झाडाचे आंबे त्याने पोरवयात चोरून खाल्ले होते. पायरीच.

काय केलं : बाईचा शोध आणि खात्री

जागा मिळाली, पण तिथे घर नव्हतं. त्या घराचा धाकटा मुलगा मुंबईला गेला आणि तिकडेच वारला, घर पावसाने बसलं. इतपत पोस्टमनला ऐकून माहीत होतं. घरात मुलगी होती का? तात्या म्हणाले, होती, आणि वरच्या वाडीतच दिली. नाव त्यांना आठवेना.

आता आमच्याकडच्या प्रत्येक पोस्टमनला ठाऊक असलेली आणि ऐन वेळी विसरली जाणारी गोष्ट पुढे आली. लग्नात बाईचं नाव बदलतं. माहेरची इंदू सासरी सुनंदा होते, मतदार यादीत सुनंदा, रेशनकार्डावर सुनंदा, मनीऑर्डरीवर सुनंदा. ‘इंदू’ म्हणणारी माणसं एकेक करून जातात आणि नाव त्यांच्याबरोबर संपतं. पोस्टमनने मोजलेल्या तीन इंदू म्हणजे सासरी किंवा शाळेत इंदू असलेल्या. माहेरच्या इंदू त्याच्या हिशेबात नव्हत्याच.

वरच्या वाडीत त्या वयाच्या, याच गावात माहेर असलेल्या बायका दोन. त्यातल्या एकीकडे, सुनंदा काकींकडे, तो दर महिन्याला मुलाची मनीऑर्डर घेऊन जायचा. अंगठा घ्यायचा, पैसे मोजून द्यायचा, चहा प्यायचा. चौदा वर्षं.

शनिवारी पत्राचा सहावा दिवस. पोहोचवता न आलेलं पत्र सर्वसाधारणपणे सात दिवस ठेवतात. ब्रँच पोस्टमास्तरांनी मला फोन केला : सोमवारी परत पाठवू ना? मी म्हटलं, पाठवा. माझ्या टेबलावरून ते एक अपुऱ्या पत्त्याचं पाकीट होतं, वर एकदा चुकीच्या माणसाला दिलेलं. तिसऱ्यांदा घोळ झाला असता तर मलाच उत्तर द्यावं लागलं असतं. पोस्टमनने फोन घेतला आणि म्हणाला, ‘साहेब, मला रविवार मध्ये द्या आणि सोमवारची एक फेरी द्या. घर सापडलंय, माणूस राहिलाय.’ घर सापडलंय हे ऐकून मी हो म्हटलं. नुसतं ‘शोधतोय’ म्हणाला असता तर म्हटलं नसतं.

सोमवारी तो आधी दुसऱ्या बाईकडे गेला. इकडच्या-तिकडच्या गप्पांत तिचं माहेर कुठल्या वाडीतलं ते विचारलं. खालच्या वाडीतलं निघालं. पाकीट पिशवीतच राहिलं.

सुनंदा काकींकडे त्याने जे केलं ते मी नंतर नव्या मुलांना शिकवताना जसंच्या तसं सांगत आलो. ‘काकी, तुम्हीच इंदू का?’ असं त्याने विचारलं नाही. तसं विचारलं की कुतूहलापोटी माणूस हो म्हणून जातो, किंवा भीतीने नाही म्हणतो. त्याने तीन साधे प्रश्न विचारले, आणि एकातही उत्तर दडलेलं नव्हतं. माहेर कुठं तुमचं? दारात काय झाडं होती? माहेरी काय म्हणून हाक मारायचे?

पहिल्या दोन उत्तरांत शेडमागचं जोतं आणि पायरी आली. तिसऱ्याला काकी थोडं थांबल्या. ‘इंदू. आता कोण म्हणायला राह्यलंय?’

त्याने पाकीट काढून दिलं, आणि ते चुकून एकदा फोडलं गेलं होतं हेही लगेच सांगितलं.

निकाल

काकींना वाचता येत नव्हतं. गावात निरक्षर माणसाचं पत्र पोस्टमननेच वाचून दाखवायचं, ही जुनी रीत. तो पडवीत टेकायला लागला तशा त्या हळूच म्हणाल्या, ‘आज नको. सून घरात आहे. उद्या ती कामाला जाईल तेव्हा ये.’ रेशन दुकानात पाकीट वर धरलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर या एका वाक्यात आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्र वाचून दाखवलं. आत काय होतं ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे काकींनीच आपखुशीने सांगितलं तेवढं लिहितो. पत्र थोरल्या भावाचं होतं. बापाशी भांडून तो तरुणपणी घर सोडून गेला, तेव्हा काकींचं लग्न व्हायचं होतं. परत आला नाही. बहिणीचं सासरचं नाव, आडनाव, वाडी, काहीच त्याला ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता. पत्ता अपुरा राहिला तो आळसाने नव्हे. त्याला जेवढं माहीत होतं ते सगळं त्याने पाकिटावर लिहिलं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. स्वतःचा पत्ता त्याने लिहिला होता, पण आत, पत्राच्या शेवटी.

काकींनी त्याच बैठकीत उत्तर सांगितलं आणि पोस्टमनने ते आंतर्देशीयावर लिहिलं. पाठवणाऱ्याच्या जागी पूर्ण नाव, वाडी, तालुका, जिल्हा आणि पिन त्याने स्वतःहून घातला.

वेगळं काय करता आलं असतं

चुकीच्या इंदूला पत्र गेलं, ते टाळता आलं असतं. जे तीन प्रश्न त्याने सुनंदा काकींना सोमवारी विचारले तेच मंगळवारी इंदुमती आजींना विचारले असते, तर माहेर भलतीकडचं निघालं असतं आणि पाकीट फुटलं नसतं. नाव जुळलं की खात्री करायची राहून जाते. नाव जुळत नव्हतं म्हणून तर काकींच्या वेळी तो इतका जपून वागला.

‘वली’च्या शिक्क्यामागे तो गेला नाही, ते बरोबरच होतं. गावाचं मुंबईत मंडळ आहे, डोंबिवलीत त्याची माणसं पुष्कळ. तिथे फोन केला असता तर कदाचित भावाचा माग लागला असता. पण जो माणूस चाळीस वर्षं गावापासून लांब राहिला, त्याचा माग गावच्याच मंडळाला काढायला लावणं हे पत्र पोचवण्यापलीकडचं काम झालं असतं.

माझी चूक वेगळी आहे. मी परवानगी दिली ती फोनवर, तोंडी. साध्या पत्राची कुठल्या वहीत नोंद नसते. ते कधी आलं, कुणाला चुकून दिलं, सात दिवसांपुढे का ठेवलं, हे सगळं त्या पाकिटावरच्या शेऱ्यांत होतं आणि पाकीट गेलं की तेही गेलं. पोस्टमनने आठ दिवसांत जे शोधलं त्यातली एक ओळही कचेरीत राहिली नाही. त्या वेळी हे मला सुचलंच नाही.

सुचलं ते पाच आठवड्यांनी. पोस्टमन रजेवर होता आणि त्याच्या जागी शेजारच्या गावचा मुलगा बदलीवर. त्याच्याकडून परत आलेल्या थैलीत दोन पत्रं होती, त्यातल्या एकावर त्याने स्वच्छ अक्षरात शेरा मारला होता : ‘या नावाची व्यक्ती नाही’. मी ते बाजूला टाकणार इतक्यात निळी शाई दिसली. या खेपेला पिन होता, तालुका होता, वाडी होती, सासरचं आडनावही बरोबर होतं. भावाने सगळं लिहिलं होतं. फक्त आडनावाच्या आधी सुनंदा नव्हतं, इंदू होतं.

मी शेरा खोडला, बाजूला सही केली आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं : सुनंदा काकी, वरची वाडी, हातात द्या, सून घरी नसताना. मग शेवटचे शब्द खोडरबराने पुसले आणि ते त्या मुलाला फोनवर सांगितले.